दीड वाजताची मेणबत्ती

“अक्का, वाच,” तो म्हणाला. घामाने त्याचा शर्ट छातीला चिकटला होता. डावा हात मांडीवर ठेवला होता, आणि तो हात आपला नसल्यासारखा तो उजव्या हाताने धरून बसला होता. जबडा दुखतो म्हणत होता, ओठांचा रंग गेला होता.

“आधी दवाखान्यात चल.”

“मेणबत्ती बंद होऊ दे. स्वल्प थांब. पित्त आहे.”

पित्ताने जबडा दुखत नाही, एवढं मला कळतं. आमचा बाप असाच गेला, खुर्चीत बसून, पित्त पित्त करत.

हा माझा धाकटा भाऊ. कारखान्यात टर्नर होता. बायको गेल्यावर इथे कानडी मुलखात, बनशंकरीला माझ्याकडे राहायला आला. निवृत्तीचे पैसे त्याने एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनची तारीख तो पुढे ढकलत होता, कारण बाजार चालू असताना डोळ्यावर पट्टी नको. म्हणून फोन मी वाचायची. चौथी शिकलेली बाई.

शेअरच्या भावाचं फोनवरचं हलतं चित्र मला वाचता यायचं नाही. आकडे उड्या मारायचे, रंग पालटायचा. मग मी स्क्रीनशॉट काढायची आणि त्यावरून सावकाश वाचायची. चित्रात दर पंधरा मिनिटांच्या भावाची एक मेणबत्ती. तो इंग्रजीत बॉडी आणि विक म्हणायचा. मी जाड भागाला धड म्हणायची, वरच्या काडीला शेंडी, खालच्या काडीला शेपूट. धड म्हणजे त्या पंधरा मिनिटांत भाव जिथे सुरू झाला आणि जिथे संपला, त्यांच्यामधला भाग. सुरुवातीपेक्षा वर संपला तर हिरवं, खाली संपला तर लाल. शेंडीचं टोक म्हणजे भाव जास्तीत जास्त कुठवर गेला, शेपटीचं टोक म्हणजे कमीत कमी कुठवर आला. काडी जिथे आहे तिथे भाव जाऊन आला, राहिला नाही. आधी वर गेला की आधी खाली, ते मेणबत्ती सांगत नाही. मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, “कारखान्यातले इंजिनियर हा प्रश्न विचारत नव्हते, अक्का.” तो एवढंच कौतुक करायचा.

सुरुवातीला मी चुकले. एका सकाळी दिवसाची मेणबत्ती हिरवी दिसली, मी म्हणाले, वर आहे. त्याने खूश होऊन दोन इडल्या जास्त खाल्ल्या. मग भाव विचारला, तर कालच्यापेक्षा बराच खाली. बाजार उघडतानाच भाव खाली उघडला होता आणि तिथून थोडासा चढला होता, म्हणून हिरवी. “हिरवी म्हणजे सुरू झाली तिथून वर. कालच्यापेक्षा वर नव्हे,” तो ओरडला. “नुसता रंग सांगायला तुला कशाला बसवू? सिग्नलचा पोलीस बसवला असता.” त्यानंतर मी रंग शेवटी सांगायची.

त्या दिवशी सकाळपासून शेअर पडत होता. त्याने स्क्रीनवर एक आडवी रेषा ओढून ठेवली होती, आदल्या दिवशीच्या सगळ्यात खालच्या भावावर. नियम त्याचा स्वतःचा होता. नुसती शेपूट रेषेखाली गेली तर धरून ठेवायचं. मेणबत्ती बंद होताना धडच रेषेखाली उतरलं असेल तर विकायचं, त्याच मिनिटाला. आपोआप विकण्याची सोय फोनमध्ये होती, पण ती त्याने लावली नव्हती. मागे एकदा नुसत्या शेपटीने ती सोय सुरू होऊन शेअर विकला गेला होता आणि भाव परत वर चढला होता. तेव्हापासून बंद झालेलं धड सोडून कशावर त्याचा विश्वास नव्हता.

“विकून टाक आत्ता आणि ऊठ,” मी म्हणाले.

“बंद झाल्याशिवाय नाही. शेवटच्या मिनिटाला धडाची शेपूट होते. तू पाहिलंयस.”

पाहिलं होतं. चालू मेणबत्तीचं धड खरं नसतं. भाव परत वर आला की जिथे लाल धड होतं तिथे नुसती काडी उरते. स्क्रीनशॉटमधली शेवटची मेणबत्ती नेहमी अर्धवट, हे त्यानेच मला शिकवलं होतं.

मी स्क्रीनशॉट काढला. एक वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. दीडला सुरू झालेली मेणबत्ती पावणेदोनला बंद होणार होती. अजून नऊ मिनिटं. तिचं लाल धड रेषेखाली उतरलेलं होतं. तिच्या डावीकडे सव्वाची मेणबत्ती, दीडला बंद झालेली. तिचं धड रेषेच्या जरा वर, शेपूट खाली.

“बंद झाली का?” त्याने विचारलं. घड्याळ त्याला दिसत नव्हतं. मी दिसत होते की नाही कोण जाणे.

“झाली.”

“वाच.”

मी सव्वाची वाचली. धड रेषेच्या वर. शेपूट खाली, लांब. शेंडी नाही म्हटलं तरी चालेल. रंग लाल.

“शेपूटच ना? धड नाही ना?”

“शेपूट.”

“सरी, चल,” तो म्हणाला आणि उठायला लागला. उठता आलं नाही. खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला घरी जेवत होता. मी हाक मारताच तो हात न धुता वर आला आणि आम्ही दोघांनी भावाला जिन्यावरून उतरवलं. रिक्षात त्याने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि म्हणाला, “रेषा टिकली, अक्का.” फोन माझ्या पिशवीत होता. पावणेदोन रस्त्यातच वाजले.

दवाखान्यात माझ्याकडून सह्या घेतल्या. मी मराठीत सही केली. कोणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी बाकावर बसून फोन उघडला. दीडच्या मेणबत्तीचं धड लांबलचक, रेषेच्या बरंच खाली उतरलेलं, शेपूट जवळजवळ नाही. म्हणजे भाव सगळ्यात खाली होता तिथेच ती बंद झाली. पुढच्या सगळ्या तिच्याही खाली. बाजार संपेपर्यंत रेषेकडे कोणी परतलं नाही.

त्याला मी सांगितलं नाही. शेअर पडला हे त्याला पुढे कळलं, तेव्हा म्हणाला, आपलं नशीब. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर त्याने पेपर मागितला नाही, फोन मागितला. जुनी तारीख काढली, बोटांनी चित्र मोठं केलं. मी स्वयंपाकघरात कांदा परतत होते.

“अक्का, इकडे ये. दीडची वाच.”

“तुला दिसतंय की.”

“तू वाच.”

“धड रेषेखाली. शेपूट नाही. लाल.”

“मग त्या दिवशी काय वाचलंस?”

“शेजारची. दीडची बंद व्हायला नऊ मिनिटं होती.”

त्याने फोन पालथा ठेवला.

“डोळे म्हणून बसवलं होतं तुला.”

“बहीण म्हणून बसवलं नव्हतंस, ते आधी सांगायचं होतंस.”

“नऊ मिनिटांचा प्रश्न होता.”

“तुझ्याकडे नऊ मिनिटं होती हे तुला कोणी सांगितलं?”

तो म्हणाला, “ते माझं मी ठरवलं असतं.” कांदा करपला. आम्ही तसाच खाल्ला.

महिनाभराने तो येलहंक्याला आपल्या मुलीकडे राहायला गेला. जाताना माझ्या पाया पडला, कारण मी मोठी आहे. फोन करत नाही. मुलगी कळवते. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं म्हणे, आणि मेणबत्त्या तो स्वतः वाचतो.

तो जगला.