शंभर टक्के वारस

आमची सुलूताई बार्शीच्या कोर्टात वकील आहे. गावात तिला 'नवगिरे वकीलबाई' म्हणतात. काळ्या कोटाचा रंग उन्हानं मातकट झालाय, पण नवा घ्यायचं म्हटलं की ती म्हणते, "कोट कशाला बोलतोय? बोलायचं मला असतंय." डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि एक कांदा. कांदा ती टेबलावर मुठीनं फोडते. समोरच्या पक्षाचा वकील शेजारी बसलेला असेल तर जरा जास्तच जोरात फोडते.

घरात मात्र तिचं कुणी ऐकत नसे. मी तर नाहीच. मी धाकटा, एकुलता एक भाऊ, पुण्यात गोदामाच्या कंपनीत सुपरवायझर. म्हणजे माझ्या मते मी बराच मोठा माणूस होतो.

तिनं मला आयुष्यात एकच पत्र लिहिलं. तेही रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह, कंपनीच्या पत्त्यावर. टपालवाल्यानं गोदामात येऊन मोठ्यानं विचारलं, "प्रज्योत नवगिरे कोण? वकिलाचं पत्र आहे." चाळीस माणसांनी माना वळवल्या. हमालांचा मुकादम म्हणाला, "साहेब, कुणाला फसवलं का काय?"

मी हसलो. आता वाटतं, तेव्हा हसायला नको होतं.

झालं होतं असं. सहा महिन्यांपूर्वी बाबा गेले. बाबा हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परीक्षानळ्या धुण्यात जन्म गेला, आणि त्यातून त्यांनी बार्शीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आई आधीच गेलेली. मधली बहीण रोहिणीताई सासर सोडून आली त्याला नऊ वर्षं झाली. ती बाबांबरोबर त्याच फ्लॅटमध्ये राहायची, शिवणकाम करायची. बाबांचं शेवटचं दीड वर्ष अंथरुणात गेलं. ते सगळं तिनं काढलं. मी दर दोन महिन्यांनी फळं घेऊन जायचो.

तेराव्याला सोसायटीचे सेक्रेटरी कुंभारेकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "वारस म्हणून तुझंच नाव लागलंय बरं का. अर्ज टाकून दे."

वारस! हा शब्द माझ्या डोक्यात गेला आणि बाहेर यायला तयारच होईना. आमच्याकडे बँकेत, पतपेढीत, सोसायटीत सगळीकडे असंच विचारतात, "वारस कोणाला लावायचं?" फॉर्मवर छापलेलं असतं 'नामनिर्देशित व्यक्ती'. ते जिभेला जड जातं, म्हणून सगळे वारस म्हणतात. सोपा शब्द घेतला की चूकही सोपी होते.

मी अर्ज टाकला. फ्लॅट विकून पुण्यात काहीतरी बघायचं ठरवलं. गिऱ्हाईकही मिळालं. आणि रोहिणीताईला फोनवर सांगितलं, "ताई, दिवाळीपर्यंत तुझं काहीतरी बघ. फ्लॅट माझ्या नावावर आहे."

ती म्हणाली, "सही लागेल का माझी?"

"छे, तुझी कशाला? मी नॉमिनी आहे."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

सुलूताईला हे कळल्यावर तिचे फोन सुरू झाले. मी मीटिंगमध्ये असायचो. रविवारीसुद्धा मीटिंगमध्ये असायचो. मग पत्र आलं. ते मी गोदामाच्या मागे, रिकाम्या खोक्यांवर बसून वाचलं.

"प्रिय पज्या,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. सही करून पत्र घेतलंस, आता मिळालं नाही म्हणता येणार नाही.

गेल्या सोमवारी सकाळी उपळाईची एक म्हातारी माझ्याकडे आली. तिच्या थोरल्यानं घर बळकावलं, का तर नॉमिनी म्हणून त्याचं नाव आहे. मी तिला छातीठोकपणे सांगितलं, 'मावशी, नॉमिनी म्हणजे मालक न्हवं.' ती म्हणाली, 'तुमच्या घरात असं न्हाई व्हनार बाई, तुम्ही शिकलेली मानसं.' दुपारी रोहिणीचा फोन आला. पज्या, त्या म्हातारीकडून मी फी घेऊ शकले नाही. मला लाज वाटली.

आता कायदा ऐक. गॅसवाला येतो, आपण घरात नसतो, शेजारच्या काकू सही करून सिलिंडर उतरवून घेतात. म्हणून तो काकूंच्या शेगडीला लागतो का? नॉमिनी म्हणजे त्या काकू. माणूस गेल्यावर सोसायटीनं कोणाशी बोलायचं, बँकेनं पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढ्यापुरतं ते नाव असतं. त्यानं सोसायटी आणि बँक मोकळी होते. ज्याच्या हातात आलं, तो वारसांपासून मोकळा होत नाही. मालकी नॉमिनेशननं जात नाही. ती मृत्युपत्रानं जाते, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यानं.

बाबांनी मृत्युपत्र केलं नाही. आई नाही, आजी नाही. फ्लॅट बाबांच्या स्वतःच्या कमाईचा. मग वारस आपण तिघं, तिघांचा सारखा हिस्सा. मुलगी नांदत असो, परत आलेली असो की माझ्यासारखी लग्नच न केलेली असो, हिस्सा तेवढाच. (विम्यात जवळच्या नात्यातल्या नॉमिनीसाठी आता नियम वेगळा झालाय. तो इथं दाखवू नकोस, बाबांचा विमा नव्हता.)

सोसायटी तुला करेल तर तात्पुरता सभासद. खरे वारस सभासद होईपर्यंत. हा 'तात्पुरता' शब्द कायद्यातला आहे, माझा नाही. तुला एकट्याला फ्लॅट विकता येणार नाही. तू विकायला निघालास तर मी रोहिणीतर्फे दावा लावीन, आणि तुला माहीत आहे, मी तारखा पाडत नाही.

सोबत सोसायटीतल्या त्या नॉमिनेशन फॉर्मची प्रत जोडली आहे. नीट बघ. आपल्या हक्काच्या शोधात मी बरेच कागद चाळले, पण हा बघून हसू पण आलं आणि रडू पण.

तुझी सुलूताई."

मी प्रत उलगडली.

ते अक्षर माझं होतं.

मग आठवलं. मी दहावीत होतो. आई गेल्यावर फॉर्म नव्यानं भरायचा होता. बाबांचं अक्षर किरटं, म्हणून त्यांनी मला बसवलं. मी विचारलं, "नाव कोणाचं टाकू?" बाबा म्हणाले, "तुझंच टाक. पोरींची नावं लग्नात बदलतात, परत फॉर्म, परत चकरा. तुझं तेवढं जन्मभर हेच राहील." एवढंच कारण. चकरा वाचवायच्या.

पुढचं मात्र बाबांनी सांगितलं नव्हतं. नात्याच्या रकान्यात मी 'मुलगा' लिहून कंसात स्वतःच्या मनानं 'वारस' जोडलं होतं, खाली रेघ मारून. आणि हिश्श्याच्या रकान्यात लिहिलं होतं, १००%. तिथं प्रतीच्या कडेला सुलूताईनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "गणितात शंभरपैकी शंभर एवढे एकदाच पडले."

मुकादम आला. "काय साहेब, मोठं प्रकरण आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "लहानच आहे. माझ्याएवढं."

शनिवारी बार्शीला गेलो. वाटेत गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की घर विकायचं नाही. त्यानं मला जे ऐकवलं ते मी निमूट ऐकून घेतलं. ते बोलणं त्या दिवशी बरं वाटलं, निदान कुणीतरी तोंडावर बोलत होतं.

रोहिणीताईनं दार उघडलं. आत पाऊल टाकायला जागा नव्हती. दोन्ही खोल्यांत पोती. भांडी पोत्यांत, कपडे चादरीच्या गाठोड्यांत, शिलाई मशीन जुन्या साडीत गुंडाळलेलं. भिंतीवरचा बाबांचा फोटोसुद्धा काढून वर्तमानपत्रात बांधलेला. फक्त चहाचं पातेलं बाहेर होतं.

"आलास?" ती म्हणाली. "वेळेत आलास. दोन-तीन पोती उचलायला माणूस हवाच होता. कोपऱ्यावरच्या शिंदेबाईंच्या मागच्या खोलीत जातेय. पत्रा आहे, पण मशीन बसतं."

मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. मी वाटेत उत्तरं तयार केली होती. ती मशीनच्या तेलाची बाटली कुठल्या पोत्यात गेली एवढंच शोधत होती.

"ताई, तू भांडली का नाहीस माझ्याशी?"

"कशाला? तू म्हणालास तुझं आहे. मला काय कायदा कळतो? सुलूला पण मी तक्रार नव्हती केली. हातगाडीवाल्याचा नंबर मागायला फोन केला होता."

त्या क्षणी मला कुठं बघावं कळेना. सगळीकडे तिची पोती होती.

सुलूताई संध्याकाळी स्कूटीवरून आली. मला बघून म्हणाली, "आले का तात्पुरते सभासद?"

मी म्हणालो, "ताई, माझा हिस्सा मी रोहिणीताईला सोडतो. हक्कसोड करून देतो. सोमवारी."

वाटलं होतं, ती पाठीवर हात ठेवील. तिनं हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "नको. आज लाज वाटतेय म्हणून देशील, आणि दहा वर्षांनी सांगत फिरशील, मी बहिणीला घर दिलं. घर तू देणारा कोण? तुझा हिस्सा ठेव गप. दान करून मोठा होऊ नकोस. आधी सारखा हो."

"मग करू काय?"

"तिघं मिळून कागद करू. तिघं वारस, रोहिणी राहते तोवर कोणी विकायचं नाही. वारसांनी मिळून केलेला व्यवस्थेचा कागद सोसायटीला चालतो. कच्चा मसुदा तू लिही. अक्षर चांगलंय ना तुझं."

मी जमिनीवर बसलो. रोहिणीताईनं एका पोत्यावर पाट ठेवून दिला. तीन नावं लिहायची होती. पहिलं नाव सुलूताईचं, सुलक्षणा. दुसऱ्याशी थांबलो.

"ताई, आडनाव कुठलं लावायचं तुझं?"

"नवगिरेच की," ती म्हणाली. "आलेय तेव्हापासून तेच लावते. आधारवर पण तेच आहे. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. नऊ वर्षं मी फळं घेऊन येत होतो आणि बहिणीचं आडनाव मला माहीत नव्हतं. पोरींची नावं बदलतात, हे बाबांचं गणित. एकीचं बदललंच नाही, दुसरीचं बदलून परत आलं. चकरा मात्र पडल्याच.

सुलूताई खिडकीकडे तोंड करून, कांदा फोडल्यावर पुसावेत तसे डोळे पुसत होती. तिनं मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

लिहून झालं. नात्याचा रकाना नव्हता, हिश्श्याचा होता. तिघांपुढं एक तृतीयांश लिहिलं. कंसात काही लिहिलं नाही.

मग मी उठून एका पोत्याची गाठ सोडायला लागलो. सुतळी ओली करून घट्ट ओढलेली, नखं मोडली तरी सुटेना. रोहिणीताई मला बाजूला सारून खाली बसली.

"सरक. तुला नाही जमायचं," ती म्हणाली. "मी बांधलंय, मीच सोडते. तू फोटो लाव."

बाबांच्या फोटोवरचं वर्तमानपत्र मी काढलं. खिळा होता तिथंच होता. फोटो लावताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. सरळ लागलाय का, एवढंच बघितलं.

"डावीकडं झुकलाय," मागून सुलूताई म्हणाली. "अजून जरा. हां. आता सारखा आहे."