त्रेचाळिसावा फोटो

मी सर्वांत जास्त देणं लागतो ते आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझा फॉर्म बाईंनीच भरला, आणि त्यावर सही कुठे करायची हे माझ्या वडिलांना बोट ठेवून दाखवलंही त्यांनीच.

पदवी घेऊन मी कुरुळीतल्या एका गॅरेजात विम्याच्या दाव्यांचं काम बघायला लागलो. काम सोपं वाटायचं. लहान दाव्याला नुकसान तपासणारे विम्याचे सर्व्हेअर स्वतः येत नाहीत. गाडीचे फोटो पाठवायचे, तेही दहाच, आणि नुकसान ज्यात सर्वांत स्पष्ट दिसतं तो फोटो आधी. फोटोत जे दिसलं नाही, ते मंजूर होत नाही.

एके दिवशी परभणीकडचे एक टेम्पोवाले आले. निघोज्याच्या रस्त्यावर एका ट्रकने त्यांचं डावं दार चेपलं होतं. दिवा फुटला होता आणि दार ज्या खांबाला बसतं तो पिलर वाकला होता. दार दोरीने बांधलेलं होतं.

"माल पोचवतो त्या कंपनीचा सिक्युरिटीवाला दोरी बघून गेटातच घेईना," ते म्हणाले. "सोमवारपासून रोजची फेरी दुसऱ्याला देणार म्हणतेत. पिलर झाला पाहिजे, सर."

मला 'सर' म्हणणारे ते पहिलेच. मी खुर्चीत ताठ बसलो.

अडचण अशी होती की, अपघातानंतर तिथल्याच एका मिस्त्रीने जॅक लावून पिलर थोडा बाहेर ढकलला होता. त्यावर हातोड्याचे ताजे घाव होते. आता फोटो काढला तर अपघाताचं कुठलं आणि मिस्त्रीचं कुठलं, कसं कळणार? भिस्त होती ती त्यांनी अपघातानंतर लगेच मोबाइलवर काढलेल्या त्रेचाळीस फोटोंवर.

निम्म्या फोटोंत ते स्वतः होते, नव्या गाडीची पूजा झाल्यासारखा बॉनेटवर हात ठेवून. तीन फोटोंत मागच्या फळीचा जुना पोचा होता.

"हा ह्या अपघातातला नाही," मी म्हणालो.

"पोचा तर हाय ना?"

"गेल्या वर्षीचा गंज चढलाय त्याला."

"तुमची नजर लई बारीक, सर," ते खिन्नपणे म्हणाले.

मी मनापासून क्रम लावला. अगदी जवळून घेतलेला पिलरचा फोटो पहिला, कारण तो सर्वांत भयंकर दिसत होता. माणसं असलेले फोटो शेवटी. त्रेचाळिसाव्या नंबरावर त्यांच्या बायकोचा फोटो गेला. वरचे दहा मी पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी निगडीहून सर्व्हेअर मॅडमचा फोन आला. "दिवा आणि दार मंजूर. पिलर नाही."

"मॅडम, पहिलाच फोटो पिलरचा आहे."

"पहिल्या फोटोत मला फक्त निळा रंग आणि एक सुरकुती दिसते. टेम्पो आहे की पत्र्याचं कपाट?"

टेम्पोवाले समोरच बसले होते. चहाचा कप त्यांनी आवाज न करता खाली ठेवला.

तेव्हा बाईंचा वर्ग आठवला. मी एकदा नकाशात आमची विहीर इतकी मोठी काढली होती की गावाला कागद उरला नव्हता. "आधी गाव दाखव, मग विहीर," बाई म्हणाल्या होत्या. शिवाय उत्तर दिशेचा बाण विसरलो म्हणून अर्धा मार्क गेला, तो वेगळाच.

मी सगळे फोटो पुन्हा उघडले, या वेळी शेवटापासून. पहिलाच समोर आला तो त्रेचाळिसावा.

"हिला म्हटलं उभी राहा, गाडी केवढी हाय ते कळंल," टेम्पोवाले म्हणाले. "डबा घेऊन आली होती. तवापासून बोलंना."

त्यांच्या पत्नी डबा धरून, डोळे वटारून उभ्या होत्या. पण मागे टेम्पो पुढच्या डाव्या कोपऱ्यातून अख्खा आला होता. नंबरप्लेट वाचता येत होती. दार आणि पिलर यांच्यातली फट खाली बोटभर, वर वीतभर. दोरी नाही, हातोडा नाही.

तो पहिला लावला. मग त्याच कोपऱ्यातून थोडा जवळचा, आणि मग माझी सुरकुती. जॅक नंतर लावला, हेही खाली लिहिलं आणि पुन्हा पाठवलं. तासाभराने मॅडमचा फोन आला.

"आता दिसतंय. फोटोत या कोण?"

"मालकीणबाई."

"त्यांच्या चेहऱ्यावरून तर मी अख्खी गाडीच मंजूर केली असती. पिलर घ्या कामाला."

त्या रविवारी मी बाईंना पत्र लिहिलं:

"बाई, सा. न.

मी इथे गाड्यांच्या फोटोंचे क्रम लावतो. या आठवड्यात पुन्हा विहीर आधी काढली होती, पण वेळेवर गाव सापडलं. टेम्पो काल तयार झाला. दार एका हाताने लागतं. उद्या सकाळी तो कंपनीच्या गेटातून आत जाईल. मालकीणबाईंनी त्या फोटोची प्रत मागितली आहे. साडी छान आली आहे म्हणून, टेम्पो कापून द्या म्हणाल्या.

फोटोत गाडीची डावी बाजू कुठली, हे मी खाली लिहायला विसरलो होतो. मॅडमनी नंतर विचारून घेतलं. अर्धा मार्क अजून जातोच, बाई.

तुमचा विद्यार्थी"