घड्याळ कोणत्या गावचं?

नागपूरच्या रामदासपेठेतल्या सुमन रुग्णालयात रुपराव ढोबळे यांना सगळे 'काहूनकाका' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तेही ओ देतात. एखाद्याने सांगितलं, 'काका, प्रिंटर बंद आहे,' तर दुसरा कुणी 'बरं' म्हणून पुढे जाईल. रुपराव चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "काहून?" कागद अडकला म्हणून. "कागद काहून अडकला?" ओला होता म्हणून. "ओला काहून?" अशा रीतीने ते एकदा प्रिंटरपासून निघून गच्चीवरच्या गळक्या टाकीपर्यंत पोचले होते. टाकी दुरुस्त झाली. प्रिंटरवाल्याने तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं कमी केलं, तो भाग वेगळा.

ते कॉम्प्युटर विभागात कसे आले, हीसुद्धा एक कथाच आहे. ते मूळचे रेकॉर्ड रूमचे. अकरा वर्षं त्यांनी पेशंटांच्या फायली सांभाळल्या. पुढे त्या खोलीत फायलींच्या जागी सर्व्हर आला आणि रुपराव सामानासकट नव्या विभागात जमा झाले. कॉम्प्युटरचं त्यांना फार कळत नाही, पण लिहिता येतं. विभागातले इंजिनीयर जे लिहितात ते इंजिनीयरांना कळतं आणि ट्रस्टींना जे कळतं ते इंजिनीयरांना लिहिता येत नाही. या दोन तीरांमध्ये रुपराव डोंगा चालवतात. काही बिघाड झाला की इंजिनीयरांचा अकरा पानी इंग्रजी अहवाल त्यांच्या टेबलावर येतो. त्याचं त्यांनी एका पानाचं मराठी करायचं: कधी काय झालं, मूळ कारण काय, कुणाला किती झळ बसली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार.

त्या सोमवारी सकाळी लॅबचे रिपोर्ट डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर यायचे थांबले. ओपीडीत गर्दी तुंबली. अकरानंतर सगळं सुरळीत झालं, पण तोवर बातमी ट्रस्टच्या अध्यक्षांपर्यंत, म्हणजे कृष्णकांतजींपर्यंत पोचली होती. कृष्णकांतजींचं सदर बाजारात चष्म्यांचं दुकान आहे. माणूस दिलदार, पण त्यांचा प्रश्न एकच असतो आणि तो 'काहून' नसतो. तो असतो, "कोनं केलं?"

बुधवारी दुपारी उन्मेषने अहवाल आणून दिला. उन्मेष विभागाचा मुख्य इंजिनीयर. हुशार आणि कायम घाईत.

"काका, उद्या चारला मीटिंग आहे. कृष्णकांतजींनी हा मागवून आधीच वाचला."

"इंग्रजीतला? तो समजला काय त्याईले?"

"पहिला तक्ता समजला नं. म्हणूनच तर वांधा झाला."

रुपरावांनी तक्ता पाहिला. पहिली ओळ: ३.३६, दीक्षा रामटेके यांनी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. दुसरी ओळ: ८.४१, रिपोर्ट दिसत नसल्याची पहिली तक्रार. त्याखाली तक्रारीच तक्रारी.

कोणीही वाचलं असतं तरी एकच अर्थ निघाला असता. या मुलीने भल्या पहाटे कुणाला न विचारता सर्व्हरशी खेळ केला आणि सकाळी सगळं कोसळलं.

"शुक्रवारी तिचे सहा महिने पुरे होऊन राहिले," उन्मेष खालच्या आवाजात म्हणाला. "कृष्णकांतजी म्हणाले, तिला कायम करायच्या कागदावर मी सही करत नाही."

दीक्षा, विभागातली नवी इंजिनीयर, कोपऱ्यातल्या टेबलावर होती. कन्हानहून रोज बसने येणारी, डब्यातली अर्धी भाजी न मागता रुपरावांच्या झाकणात वाढणारी, 'काका, तुमचा पासवर्ड पुन्हा १२३४ आहे' म्हणून रागावणारी. आज डबा बंद होता.

"काहून वं दीक्षा, सोमवारी पहाटे साडेतीनले तू काय करून राहिली होती?"

"झोपून राहिली होती, काका. कन्हानले. मी सांगितलं सगळ्याईले. पन तक्त्यात छापलं आहे नं."

रुपरावांनी चष्मा कपाळावर चढवला. सोमवारची सकाळ त्यांना आठवत होती. फोन खणखणत होते, दीक्षा म्हणाली होती, 'एकदा बंद करून चालू करते,' आणि त्यांनी स्वतः देवाचं नाव घेतलं होतं. तेव्हा ऊन टेबलावर आलं होतं. नागपूर कितीही तापट असलं तरी पहाटे साडेतीनला इथे ऊन पडत नाही.

"उन्मेष, हे ३.३६ कुठून आनलं?"

"सर्व्हरच्या नोंदीतून."

"अन् हे ८.४१?"

"फोनच्या रजिस्टरमधून. मी दोन्ही एका तक्त्यात टाकले, कॉम्प्युटरने वेळेप्रमाणे लावून दिले."

"सर्व्हरचं घड्याळ कोन्या गावचं आहे गा?"

उन्मेष हसायला लागला आणि मधेच थांबला. मग त्याने कपाळावर असा हात मारला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

सर्व्हर साऱ्या जगासाठी धरलेली एकच वेळ लिहितो. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रजिस्टर मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून भरतात. ३.३६ मध्ये साडेपाच तास मिळवले की होतात ९ वाजून ६ मिनिटं. म्हणजे दीक्षाने सर्व्हरला हात लावला तो पहिल्या तक्रारीनंतर पंचवीस मिनिटांनी.

"आता मले सांग, ८.४१ च्या आधी काय झालं?" रुपराव म्हणाले. "तक्रार म्हणजे बोंब. बोंब मारायच्या आधी कोनीतरी पडलं असन नं?"

उन्मेषने शोधून सांगितलं. लॅबचा कॉम्प्युटर आणि मोठा सर्व्हर यांच्यामध्ये एक सर्टिफिकेट असतं. ते वर्षापूर्वी इथेच तयार केलं होतं. सोमवारी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी त्याची मुदत संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपरावांनी कच्चा मसुदा जिजाबाईंना वाचून दाखवला. त्यांचा हा जुना नेम आहे. पत्नीला जे कळलं नाही ते खोडायचं. जिजाबाई मेथी निवडत होत्या.

"सर्टिफिकेट म्हंजे? दहावीचं?"

"नाही वं. लॅबची मशीन खरी आहे, तोतया नाही, असा दाखला. त्याची तारीख संपली. मशीन चांगली, रिपोर्ट चांगले, पन सर्व्हर म्हणे, दाखला दाखव, तवाच घेतो."

"असं सांगा नं मंग! आपल्या मामंजीच्या पेन्शनीवानी. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही तं पेन्शन बंद. बँकेत मामंजी सोता जाऊन उभे राहिले तरी बाबू म्हणे, तुम्ही जिवंत आहा हे कागदावर कुठी आहे?"

रुपरावांनी 'सर्टिफिकेट' खोडलं आणि 'हयातीचा दाखला' लिहिलं. मग मेथीची एक जुडी न सांगता निवडायला घेतली.

ऑफिसात येऊन ते मूळ कारणाच्या मागे लागले. रिपोर्ट काहून थांबले? दाखल्याची मुदत संपली. दाखला नवा काहून केला नाही? कुणाला आठवण झाली नाही. काहून? आठवणीची मेल तीनदा आली होती, पण ती हर्षितच्या पत्त्यावर. हर्षित मार्चमध्येच नोकरी सोडून पुण्याला गेला होता.

"मिळाला!" उन्मेष म्हणाला. "हर्षितचं नाव लिहा. तो काही इथे भांडायला येत नाही."

"पन त्याची मेल दुसऱ्याच्या पत्त्यावर काहून लावली नाही?"

"जाताना त्याला कोणी विचारलंच नाही."

"काहून नाही विचारलं? नोकरी सोडताना आपन ना-हरकत फॉर्म भरून घेतो नं?"

दीक्षाने कपाटातून हर्षितचा फॉर्म काढला. अकरा ओळी होत्या. ओळखपत्र परत केलं का, किल्ल्या परत केल्या का, एप्रन, छत्री, सातव्या ओळीत कँटीनची स्टीलची पाण्याची बाटलीसुद्धा. मशीनच्या आठवणी कुणाच्या पत्त्यावर येतात, ही ओळ कुठेच नव्हती. आणि खाली बारीक अक्षरात: नमुना तयार करणारे, रु. ढोबळे.

दीक्षाने ती ओळ अंगठ्याने झाकली.

"काका," दीक्षा हळूच म्हणाली, "चौथ्या काहूनवर थांबले असते तं बरं झालं असतं."

"बाटली माझ्या ध्यानात राहिली, पाह्य," रुपराव म्हणाले, "कारन पहिलेची बाटली एकानं जाताना नेली होती."

चार वाजता ट्रस्टच्या खोलीत सगळे बसले. कृष्णकांतजींनी ते एक पान आपल्याच दुकानातला चष्मा लावून वाचलं. वर लिहिलं होतं: सर्व वेळा भारतीय. ८.३२ ला दाखल्याची मुदत संपली. ८.४१ ला पहिली तक्रार. ९.०६ ला सर्व्हर बंद-चालू केला. त्याने उपयोग झाला नाही, उलट नोंदणीची खिडकीही १४ मिनिटं बंद राहिली. १०.२० ला कारण सापडलं, १०.५० ला नवा दाखला बसवला, ११.०५ ला सर्व सुरळीत. २१४ रिपोर्ट हाताने पोचवावे लागले. १७ पेशंट न दाखवता परत गेले. त्यांना फोन करून वेळ दिली. एकही रिपोर्ट हरवला नाही, एकही चुकीच्या माणसाला गेला नाही.

ती चौदा मिनिटं उन्मेषला खोडायची होती. 'पोरीच्या अंगावर येईल,' तो म्हणाला होता. रुपरावांनी ठेवली. चौदा मिनिटं लपवली तर उरलेल्या कागदावर विश्वास कोण ठेवील, असं त्यांचं म्हणणं. आणि दीक्षाच म्हणाली होती, "राहू द्या, काका. केलं तं केलं."

"म्हणजे हे पहाटेचं नव्हतं?" कृष्णकांतजींनी विचारलं.

"नाही जी. घड्याळ परगावचं होतं."

उन्मेषने साडेपाच तासांचा घोळ आपला असल्याचं एका दमात सांगून टाकलं. कृष्णकांतजींनी मान हलवली, पान पालटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"ठीक आहे. पन रुपराव, मूळ कारणात नाव नाही. लिहिलंय, 'ना-हरकत फॉर्ममध्ये या बाबीची ओळ नाही.' फॉर्म काय आपोआप जन्मला? कोनं केला?"

रुपराव खुर्चीतून अर्धे उठले. "मी जी. अकरा ओळी केल्या. बारावी सुचली नाही."

कृष्णकांतजींनी चष्मा सारखा केला. मग त्यांनी शेवटचा भाग मोठ्याने वाचला. त्यात 'यापुढे दक्षता घ्यावी' हे अशा अहवालांचं आवडतं वाक्य कुठेच नव्हतं. होतं ते असं: आठवणीच्या मेल एका माणसाला नाही, विभागाच्या सामायिक पत्त्यावर, उन्मेष, उद्यापर्यंत. सगळ्या दाखल्यांच्या मुदतींची एक यादी आणि महिनाभर आधी सूचना, दीक्षा, महिनाअखेर. सर्व्हर बंद करण्याआधी दुसऱ्या माणसाची संमती, आजपासून. फॉर्ममध्ये बारावी ओळ, रुपराव, सोमवार.

"यादी दीक्षा करणार, महिनाअखेर," कृष्णकांतजी म्हणाले. "पन तिची मुदत तं उद्याच संपून राहिली."

"हाव जी," रुपराव म्हणाले. "तिचाही दाखला वेळेवर नवा केला नाही तं पुन्हा हेच होईन."

कृष्णकांतजी आधी खोकले, मग हसले, मग पुन्हा खोकले. फाइल मागवली आणि सही केली. सहीखाली तारीख घातली, आणि एरवी कधी न लिहिणाऱ्या त्या माणसाने वेळही लिहिली: ४.५२. थोडं थांबून पुढे कंसात लिहिलं, 'नागपूर'.

शुक्रवारी डबा उघडला तेव्हा झाकणात अर्धीच्या जागी सगळी भाजी आली. वांग्याची होती.

"काहून वं?" रुपरावांनी विचारलं.

"आता नका सुरू करू, काका," दीक्षा म्हणाली. "पाचव्या काहूनले पुन्हा तुमचंच नाव निघन."