बुधवारचा रकाना

दर रविवारी सकाळी मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर येत्या आठवड्याचा कागद लिहायचो. वर वार, खाली तीन रकाने: माल, माणसं, तपासणी. छोटा गुत्तेदार मी, पण या कागदाचा मला भारी गर्व. चहा प्यायला आलेल्यालाही उगाच तो दाखवायचो.

हट्ट्याच्या पुढं एका गावात शाळेची खोली चालू होती. भिंती झाल्या, सेंट्रिंग ठोकून लोखंडही बांधून झालं. आता स्लॅब. स्लॅबच्या आधी बांधकाम खात्याच्या साहेबांनी लोखंड तपासून सही द्यायची, मगच काँक्रीट, असा नियम. त्यांनी तपासायला यायचं तर आधी वसमतच्या कार्यालयात अर्ज द्यावा लागे.

स्लॅब टाकणारी टोळी जवळच्या बंजारा तांड्यावरची. मुकादम पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं पंधरा दिवस आधीच बजावलं होतं, “मालक, श्रावणातल्या त्या शनिवारी आमच्याकडं तीज बोळवायची हाय. पोरीचं लगीन ठरलं, तिची ही शेवटची. त्या दिवशी मी यायचा न्हाई.” तीज म्हणजे त्यांच्या लग्न न झालेल्या पोरींचा सण; नऊ दिवस टोपलीत वाढवलेले गव्हाचे अंकुर शेवटच्या दिवशी गात-नाचत पाण्यात सोडतात.

“अहो, तुम्ही काळजीच करू नका,” मी म्हणालो. आणि त्या आठवड्याचा कागद त्याच्यासमोरच लिहिला: बुधवार तपासणी, गुरुवार स्लॅब. मिक्सर मशीन भाड्याचं, शनिवारपर्यंत माझ्याकडं, रविवारी दुसऱ्याच्या कामावर. मग पुढं पंधरा दिवस मिळणार नव्हतं. सगळं बराबर बसवलं होतं मी.

सोमवारी वसमतला गेलो. सिमेंट बघितलं, खडीवाल्याशी हुज्जत घातली, ट्रकवाल्याला गुरुवारी पहाटेची वेळ दिली. कार्यालयापाशी आलो तर बाहेर दहा-बारा माणसं ताटकळत उभी. तिथला कारकून म्हणजे तिरसट माणूस, माझं त्याच्याशी कधी पटलं नाही. म्हटलं, मरू दे, बुधवारी साहेब या रस्त्यानं जातातच, नेहमी थांबतात. अर्ज खिशातच राहिला. हे मी लपवत नाही. तेव्हा मात्र लपवलं.

बुधवारी साहेब आले नाहीत. ते हिंगोलीला बैठकीला गेले होते. संध्याकाळपर्यंत मी रस्त्याकडं बघत होतो आणि मुकादम माझ्याकडं.

“साहेबांचं असंच असतं बघा,” मी म्हणालो. “कळवूनसुद्धा येत नाहीत.” नाचता येईना, अंगण वाकडं. पण तोंडातून ते इतकं सहज निघालं की, क्षणभर मलाही खरं वाटलं.

गुरुवारी मी वसमतला पळालो, अर्ज टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, शुक्रवारी दुपारी येतो. म्हणजे स्लॅब शनिवारी. त्या दिवशी आसपासच्या सगळ्याच तांड्यांवर तीज, दुसरी टोळी आणायची कुठून? मी मुकादमापुढं जाऊन उभा राहिलो. “मशीन गेलं तर काम अडकतं हो. साहेबांमुळं झालं, माझा काय इलाज?”

त्यानं हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, “साहेबाचा दोष असंल तर तुमी तरी काय करणार. येतो.”

शुक्रवारी साहेब आले. सळ्यांमधलं अंतर मोजलं, त्यांच्याखालचे सिमेंटचे ठोकळे हातानं हलवून पाहिले, एके ठिकाणी जोड वाढवायला सांगितला आणि सही केली. मुकादम तिथंच सळई बांधत बसला होता. साहेब सहज म्हणाले, “सोमवारीच अर्ज दिला असता तर बुधवारी दुसऱ्याला तरी पाठवलं असतं. काल दिलात, आज आलो. आणखी किती लवकर येऊ?”

मुकादमानं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि परत तार पिळायला लागला. लाज म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. वाटलं, आता हा शनिवारी येणार नाही, आणि येऊही नये.

तो आला. सकाळी सातला अख्खी टोळी घेऊन. स्लॅब मध्ये थांबवता येत नाही, एका दमात टाकावा लागतो. दुपारी तांड्याकडून गाण्याचा आवाज यायला लागला. टोळीतल्या बायका घमेली उचलता उचलता त्या दिशेला बघायच्या. त्यांच्याही पोरी तिकडं होत्या. हे मी कागद लिहिताना कधी धरलंच नव्हतं. मुकादम वर उभा राहून काँक्रीट पसरत होता. त्यानं एकदाही तिकडं मान वळवली नाही. मी “जा तुम्ही, मी बघतो” म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. स्लॅब बिघडला तर, ही भीती लाजेपेक्षा मोठी निघाली.

माफी मी त्याच्याजवळ कधीच मागितली नाही. वाटलं, तोही विसरला असेल.

दोन महिन्यांनी दुसऱ्या गावात स्लॅब निघाला. या वेळी मी कागद आधीच लिहिला होता; गुरुवारी तांड्यावर गेलो, तो उलगडून म्हणालो, “सोमवार तपासणी, मंगळवार स्लॅब.” त्यानं कागदाकडं बघितलंही नाही. “बरं मालक, उद्या सांगतो,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावर आला. बसच्या धुळीनं माखलेला.

“मंगळवारी येतो,” तो म्हणाला. “वसमतला जाऊन आलो. अर्ज दिलाय तुमी, इचारलं मी.”