तळच्या पटावर अडलेला पहिला नंबर

ऐंशीच्या दशकात मी कांदिवलीच्या एका शाळेत भूमिती शिकवायचे. बुद्धिबळाची शालेय स्पर्धा दरवर्षी बाद पद्धतीने व्हायची. एकदा हरलात की घरी. त्या पद्धतीपायी एका वर्षी आठवीतली एक मुलगी पहिल्याच फेरीत शाळेतल्या सगळ्यात तयार मुलासमोर आली आणि अर्ध्या तासात बाहेर पडली. उरलेला दिवस ती डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. मला ते बघवलं नाही. पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलं की आता स्विस पद्धत. म्हणजे हरलं तरी कुणी बाहेर नाही, सगळ्यांनी पाच फेऱ्या खेळायच्या, दर फेरीत सारख्या गुणांचे एकमेकांसमोर, आणि तीच जोडी पुन्हा नाही.

"बाई, पंधरा तर मुलं," सर म्हणाले. "बाद पद्धतीने चार फेऱ्यांत मोकळं व्हाल. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

माझा स्वभाव असा की कुणी असं म्हटलं की मला ते करावंच लागतं. एका पंच मित्राने दिलेला नियमांचा सायक्लोस्टाइल कागद मी पर्समध्ये ठेवला आणि जुन्या लग्नपत्रिका कापून पाठच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक खेळाडूचं एकेक कार्ड केलं. त्यावर गुण, आधी कोणाशी खेळला, सोंगट्या पांढऱ्या होत्या की काळ्या. फेरी संपली की कार्डांचे गुणांप्रमाणे गठ्ठे लावायचे आणि जोड्या पाडायच्या. एका मुलाच्या कार्डाच्या पाठीवर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' छापलेलं होतं, तर तो दिवसभर ते सगळ्यांना दाखवत फिरला.

पंधरा म्हणजे विषम. दर फेरीत एकाला जोडीदार नाही. त्याला बाय, म्हणजे न खेळता एक गुण. बाय द्यायचा तळच्या गुणांच्या मुलाला, आणि एकाला एकदाच. ऐकायला किती सरळ! तिसऱ्या फेरीत तो सहावीतल्या एका मुलीला गेला. तोवर ती दोन्ही डाव हरली होती. तिची आई दहिसरहून तिला घेऊन आली होती. आई तरातरा माझ्या टेबलाशी आली आणि मालवणीत कडाडली.

"बाई, माझ्या चेडवाक खेळूक कोण नाय गावलो?"

मी म्हटलं, अहो, तुमच्या मुलीला एक गुण मिळालाय, जिंकल्यासारखाच.

"फुकटचो? आमका नको. तेका खेळूक द्या."

त्या माउलीला मी विषम संख्या समजावली, कार्डं दाखवली. शेवटी तिने मलाच सुचवलं की मग तुम्हीच बसा की तिच्यासमोर. मी बसलेसुद्धा असते, पण सात पटांवर सात भांडणं चालू होती.

पायरीवर बसलेली ती मुलगी आता नववीत होती. पहिल्या नंबरालाच जिल्हास्पर्धेला जायला मिळणार होतं, आणि तिच्या वडिलांनी बजावून ठेवलं होतं की दहावीच्या वर्षी पट बंद. म्हणजे तिची ही शेवटची संधी. ते मलाही ठाऊक होतं, आणि पंचाने कुणाच्या बाजूचं असू नये हेही मला ठाऊक होतं. मी तिच्या बाजूची होते. तोंडाने एक अक्षर काढलं नाही इतकंच.

तिची गाठ पडली सातवीतल्या एका हुशार मुलाशी. तिसऱ्या फेरीत दोघांची बरोबरी झाली, बाकी चारही डाव दोघांनी जिंकले. पाच फेऱ्यांनंतर दोघांचे साडेचार-साडेचार. आता पहिला कोण? फळ्यावर मी बरोबरी सोडवायचे नियम लिहून ठेवले होते. पहिला, आपसातला डाव. तो बरोबरीत. दुसरा, ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी वरचढ, तो वर. मी बेरीज केली. दोघांचे साडेतेरा.

आणि एक डाव अजून चालू होता. सगळ्यात तळचा पट.

तिथे तीच दहिसरची मुलगी आणि पाचवीतला एक गुटगुटीत मुलगा समोरासमोर होते. दोघांचा एकेकच गुण, आणि दोघांचाही बायचा. गंमत अशी की हा मुलगा पहिल्या फेरीत आमच्या नववीतल्या मुलीकडून हरला होता आणि दहिसरची मुलगी त्या सातवीतल्या मुलाकडून. म्हणजे या पटावर पाचवीतला जिंकला तर त्याचा गुण नववीच्या मुलीच्या बेरजेत पडून ती पहिली, आणि तो हरला तर सातवीचा मुलगा पहिला.

हे फळ्यावरच्या आकड्यांवरून मुलांनी माझ्याआधी ओळखलं. दोन मिनिटांत अख्खा वर्ग त्या पटाभोवती. आयुष्यात ज्यांचा डाव कुणी पाहिला नव्हता, त्या दोघांच्या डोक्यावर पालक धरून तीस डोकी. "कोण बोललं तर बाहेर काढीन," मी दम दिला.

पाचवीतल्याकडे राजा आणि दोन वजीर, समोर एकटा राजा. कुणीही जिंकेल. पण तो सगळ्यांकडे बघून लाजायचा आणि एक वजीर उचलून दुसऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवायचा. नववीची मुलगी त्याच्या मागे उभी होती, दोन्ही हात तोंडावर दाबून. दहिसरचा राजा कोपऱ्यात गेला. पोराने वजीर उचलला, हवेत फिरवला आणि ऐटीत ठेवला.

"मात," तो म्हणाला.

"शह कुठाय?" समोरची म्हणाली.

शह नव्हता. राजाला हलायला घरही नव्हतं. म्हणजे डाव बरोबरीत. मी बेरीज पुन्हा मांडली. अर्धा अर्धा गुण, चौदा आणि चौदा. वाट लागली. दहिसरच्या आईने मात्र "आता कसा, गुण खेळून मिळालो!" म्हणत लेकीच्या पाठीत थाप घातली.

मी पर्समधला कागद काढला. तिसरा नियम होता. जो जास्त डाव काळ्यांनी खेळला तो वर, कारण पांढऱ्यांना पहिल्या चालीचा फायदा. कार्डं पाहिली. मुलगी तीन डाव काळ्यांनी, मुलगा दोन. मुलगी पहिली. मला हायसं वाटलं.

"पण फळ्यावर दोनच नियम आहेत," सातवीतल्या मुलाचे वडील म्हणाले. "खेळ संपल्यावर तिसरा कसा येतो?"

तो मी लिहिला नव्हता. फळ्याच्या खालच्या भागात सरांचा सुविचार होता, भोवती चौकट आणि 'पुसू नये'. जागा संपली तेव्हा मी मनात म्हटलं होतं, इतक्या लांब कशाला जातंय प्रकरण. वडिलांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला त्यांचा आणखी राग आला. खरा राग मला माझाच आला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. तिसरा नियम बाद म्हणत मी कागद पर्समध्ये टाकला. छापा-काटा झाला आणि मुलगा गेला जिल्ह्याला.

सगळे पांगल्यावर नववीची ती मुलगी टेबलाशी आली.

"बाई, तो कागद बघू."

तिने तिसरा नियम दोनदा वाचला. मग माझ्या लग्नपत्रिकांतून स्वतःचं कार्ड शोधलं आणि काळ्यांचे डाव बोटाने मोजले. तीन.

"म्हणजे मी जिंकले होते," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "चूक माझी आहे गं."

"माहीतेय," ती म्हणाली. रडली नाही. "पुढच्या वर्षी मी नसेन. पण बाई, नियम आधी सगळे लिहा."