पहिल्या तासाची अदलाबदल

बाळंतपणाच्या रजेच्या अर्जात बाईने ‘नम्र विनंती’ किती वेळा लिहिली, म्हणजे साहेब लोकांचं पोट भरतं?

मंजुषाबाईंनी चार वेळा लिहिली होती. इंदिरानगरच्या एका अनुदानित शाळेत त्या आठवीला गणित शिकवत. दोन हजार दोन सालची गोष्ट. डॉक्टरांनी नोव्हेंबरचा मध्य सांगितला होता. तारीख पुढेमागे होऊ शकते, हेही अर्जात होतं आणि सोबत दाखला जोडला होता. कुठला धडा कुठवर झाला, बदली शिक्षक येईपर्यंत वर्ग कोण बघेल, कोणाच्या वह्या तपासायच्या राहिल्यात, सगळं लिहिलं होतं. हक्काची रजा मिळणार, यात शंका नव्हती. जीव अडकला होता तो शेवटच्या चार ओळींत. रुजू झाल्यावर काही महिने पहिला तास नको; म्हणजे बाळाला पाजून अंबडच्या घरून निघता येईल. बदल्यात त्या शेवटचा तास घेतील.

मुख्याध्यापक कोंडाजीसरांची एक रीत होती. कुणाचाही अर्ज असो, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचायचा. नंतर कोणी ‘मला सांगितलं नाही’ म्हणायला नको. त्या दिवशीही वाचला. पुरुष मंडळी खिडकीबाहेर बघू लागली. मंजुषाबाईंचे कान तापले. हे सगळं पुरुषांपुढे वाचायची काय गरज होती?

“पहिला तास वर्गशिक्षकाचाच. हजेरी कोण घेणार?” सरांनी अर्जाची घडी घातली. “उद्या सगळेच सवलत मागतील.”

मंजुषाबाई उठल्या. पोट सावरत म्हणाल्या, “सर, सवलत नाही मागितली. तास तेवढेच घेणार आहे. फक्त सकाळी पोराला उपाशी ठेवून येणार नाही.”

कोपऱ्यात डबा खाणारे सावळीराम सर खाकरले. त्यांचा मखमलाबादला मळा. कोथिंबिरीचा लिलाव गाठायला शेवटच्या घंटेबरोबर सायकलवर टांग टाकणारा माणूस.

“बाई, तो शेवटचा तास माझाच. घेऊन टाका की! पहिला मी घेतो, हजेरीपण घेतो. वर्षभर सरांना हेच मागतोय, पण मला मेल्याला कोणी लेकुरवाळा समजत नाही.”

सगळे हसले. शेजारी बसलेले भारतसर म्हणाले, “सावळीराम, तुझं बारसं कधी?” कोंडाजीसरांनाही हसू आवरेना. पण अर्ज त्यांनीच सगळ्यांसमोर वाचला होता, आता ‘जमत नाही’ कुठल्या तोंडाने म्हणणार? वेळापत्रक मागवून त्यांनी दोन्ही नावं खोडली आणि उलटी लिहिली.

पुढे मंजुषाबाईंना मुलगी झाली. फेब्रुवारीत त्या रुजू झाल्या, तिला पाजून, निवांत. बारशाला कोथिंबिरीच्या जुड्या सावळीराम सरांच्या मळ्यातून आल्या होत्या.

तुमच्या टेबलावर असा अर्ज येईल तेव्हा एवढं करा: नाही म्हणायच्या आधी तिच्यासोबत काम करणाऱ्यांना विचारा. आणि तो चारचौघांत वाचायचा का, हे आधी तिला विचारा.