दार उघडायच्या आधीची कोरी जागा

“हे क्लायंटला पाठवलं तर रिजेक्ट होईल,” गौरी मॅडम फोनवर म्हणाल्या. त्या पुण्याच्या स्टुडिओत माझ्या टीम लीड. मी जालन्यात, मस्तगडला भावाच्या घरी बसून काम करतो. हा ट्रायल एपिसोड पास झाला तरच मला पुढं ठेवणार होते. आमच्या घरात कॉलेज करणारा मी पहिलाच, आणि ही माझी पहिली नोकरी.

काम होतं एका लाइट नॉव्हेलचं वेबटून करायचं. लाइट नॉव्हेल हा जपानकडचा प्रकार. खिशात मावणारी कादंबरी, बारके परिच्छेद, भरपूर संवाद, मधूनमधून एखादं चित्र. गोष्ट चालली की भागामागून भाग निघतात. वेबटून कोरियातून आलं. मोबाइलसाठीच काढलेली रंगीत चित्रकथा. तिला पानं नसतात. एकच लांब पट्टी, अंगठ्यानं वर सरकवत वाचायची.

आमच्या कादंबरीत नायिका बंद शाळेचं दार उघडते. आत तिच्यासारखीच दुसरी मुलगी बसलेली. दाराशी तिच्या मनातली भीती पानंच्या पानं लिहिलेली. मी ती सगळी चौकटीत कोंबली, दोन-दोन चित्रं शेजारी, अगदी छापील पुस्तकासारखी.

“घरात कोणाला तरी मोबाइलवर वाचायला द्या,” मॅडम म्हणाल्या.

वहिनी भाजी निवडून राह्यली होती. तिनं मोबाइल घेतला आणि लगेच डोळे बारीक केले.

“भाऊजी, ही अक्षरं हायेत का मुंग्या? आन् ती दुसरी पोरगी तर दार उघडायच्या आधीच दिसली. मंग भ्यायचं कशाला?”

मी मॅडमना कळवलं. त्या हसल्या.

“दोन चित्रांमधली कोरी जागा सोडायला तुम्हाला जड जातंय का?”

“मॅडम, आमच्याकडं वहीच्या समासातसुद्धा गणितं करायचे. कोरं सोडलं की वाया गेल्यासारखं वाटतं.”

“त्या जागेला गटर म्हणतात. सिनेमात किती थांबायचं ते दिग्दर्शक ठरवतो. इथं वाचकाचा अंगठा ठरवतो. गटर लांब केलं की पुढचं चित्र उशिरा येतं, वाचक वाट बघतो. मनातलं सगळं लिहू नका, त्याला सरकवू द्या.”

दुसऱ्या दिवशी मी भीतीची वाक्यं काढून एकच ठेवलं: ‘आत कोण आहे?’ अक्षरं मोठी केली. खाली हळूहळू काळा होत जाणारा लांब रिकामा पट्टा सोडला. मंग दाराची फट. परत काळं. मुलगी अगदी शेवटी, पडद्याभर मोठी. एपिसोड तिथंच तोडला.

वहिनीचा अंगठा काळ्यावर सरकत गेला आणि ती एकदम ओरडली, “अगं माय!” मंग माझ्यावर उखडली, “आता पुढचं कुठंय?”

क्लायंटनं एपिसोड पास केला, मला सगळी सीरीज मिळाली. मॅडम स्वतः दुरुस्त करून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी मला शिकवलं. हे उपकार मी विसरणार न्हाई.

एवढं मात्र कळलं, की आमच्या धंद्यात काही न काढण्याचाही पगार मिळतो. फक्त कुठं काढायचं न्हाई, ते बराबर कळलं पाहिजे.